तेरजेतला फरक नऊने भागला जातो तेव्हा चूक कुठे शोधायची?

प्रश्न: तेरीज जुळत नाही. दोन्ही बाजूंची बेरीज दोनदा केली, फरक तोच येतो. फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, म्हणजे कुठेतरी अंक उलटसुलट लिहिले गेले असणार असं सगळे सांगतात. पण नेमकं बघायचं कुठे? सगळी खतावणी पहिल्या पानापासून तपासण्याशिवाय मार्ग नाही का?

उत्तर:

आहे. नऊने भाग जातो एवढंच कळून फारसा उपयोग नाही. उपयोगी पडतो तो भागाकार, म्हणजे फरकाला नऊने भागून आलेली संख्या. कोणत्या स्थानावरचे अंक बदलले आणि त्या दोन अंकांत किती अंतर आहे, हे ती सांगते. त्याला फरकाची दिशा, म्हणजे कोणती बाजू जास्त आहे, जोडली की शेकडो नोंदींतून संशयित अशा मोजक्याच उरतात.

भागाकाराकडे वळण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. पहिली, फरकाएवढीच रक्कम कुठे एकाच बाजूला चढवायची राहून गेली आहे का ते बघा. दुसरी, फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधा. एखादी रक्कम नावे टाकायची ती जमेला पडली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. २,७०० ची नोंद चुकीच्या बाजूला गेली तर फरक ५,४०० पडेल, आणि त्याला नऊनेही भाग जाईल. या दोन तपासण्या लवकर होतात. त्या न करता थेट अंकांच्या अदलाबदलीमागे लागलं तर वेळ वाया जाण्याचा धोका असतो.

नऊच का

अंक एका स्थानावरून डावीकडच्या स्थानावर गेला की त्याची किंमत दहापट होते. म्हणजे मूळ किमतीत तिच्या नऊपट भर पडते. २८ च्या जागी ८२ लिहिलं तर आठाची किंमत ८ वरून ८० झाली, ७२ ने वाढली. दोनाची किंमत २० वरून २ झाली, १८ ने कमी झाली. निव्वळ फरक ५४, म्हणजे ९ गुणिले ६. हा सहा म्हणजे ८ आणि २ मधलं अंतर. शेजारच्या कोणत्याही दोन अंकांबाबत असंच घडतं. अदलाबदल एकक-दशकात झाली तर भागाकार ६ येतो, दशक-शतकात झाली तर ६०, शतक-हजारात झाली तर ६००, आणि हजार-दहा हजारांत झाली तर ६,०००.

म्हणून भागाकारात एकच अंक आणि त्यापुढे शून्यं असतील, तर अंक अंतर सांगतो आणि शून्यांची संख्या स्थान सांगते. एकही शून्य नसेल तर एकक-दशक, एक असेल तर दशक-शतक, दोन असतील तर शतक-हजार.

अंतर सहा असलेल्या जोड्या चारच आहेत: ० आणि ६, १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९. अंतर आठ असेल तर दोनच, ० आणि ८, १ आणि ९. अंतर एक असेल तर मात्र नऊ जोड्या होतात आणि शोध लांबतो. भागाकारातला अंक जितका मोठा, तितकं काम सोपं.

दिशा विसरू नका

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि काम दुप्पट होऊन बसतं. नावे बाजू जास्त असेल, तर एकच चूक आहे असं धरून दोनच शक्यता उरतात. एक तर नावे बाजूची एखादी रक्कम खऱ्यापेक्षा मोठी लिहिली गेली, किंवा जमेची एखादी रक्कम खऱ्यापेक्षा लहान. अंकांच्या भाषेत सांगायचं तर नावे बाजूला ज्या रकमेत मोठा अंक आधी आहे तीच संशयित (६०, ७१, ८२, ९३), आणि जमेला जिच्यात लहान अंक आधी आहे तीच (०६, १७, २८, ३९). जमा बाजू जास्त असेल तर हेच उलटं करायचं. संशयितांची यादी इथेच साधारण निम्मी होते.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा हाताने लिहिलेल्या खतावणीवरून ही तेरीज काढली आहे.

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| यंत्रसामग्री | १,४५,००० | |
| फर्निचर | ३८,२०० | |
| सुरुवातीचा माल | ४१,५०० | |
| रोख | ७,१४० | |
| बँक | ५२,३६५ | |
| येणेकरी | ६४,९१० | |
| खरेदी | २,१८,४०० | |
| पगार | ८४,००० | |
| भाडे | ३६,००० | |
| विमा | ५,४८० | |
| किरकोळ खर्च | ३,२७५ | |
| भांडवल | | २,५०,००० |
| कर्ज | | ७५,००० |
| विक्री | | ३,११,६५० |
| पुरवठादार क | | २६,०५० |
| पुरवठादार ख | | १४,७२० |
| पुरवठादार ग | | ९,३०० |
| मिळालेले कमिशन | | ४,१५० |
| एकूण | ६,९६,२७० | ६,९०,८७० |

नावे बाजू ५,४०० ने जास्त आहे. ५,४०० ची सुटलेली नोंद मिळाली नाही, २,७०० ची चुकीच्या बाजूला पडलेली नोंदही मिळाली नाही. नऊने भागलं की ६०० येतात. म्हणजे अंतर सहा, स्थान शतक आणि हजार.

आता यादीवरून नजर फिरवताना प्रत्येक रकमेचे फक्त हजार आणि शतक हे दोन अंक वाचायचे, बाकीचे सोडून द्यायचे. नावे बाजूला ६०, ७१, ८२ किंवा ९३ असलेल्या रकमा तीन निघतात: फर्निचर ३८,२०० (८२), रोख ७,१४० (७१) आणि भाडे ३६,००० (६०). जमेला ०६, १७, २८ किंवा ३९ असलेली एकही नाही. पुरवठादार ग च्या ९,३०० मध्ये ९३ दिसतं खरं, पण ते जमेला आहे. ती रक्कम मुळात ३,९०० असती तर जमा बाजू जास्त झाली असती, म्हणून तिला सोडून द्यायचं.

तिन्ही संशयित रकमा खतावणीशी ताडून बघा. फर्निचरची शिल्लक मागच्या वर्षाच्या ताळेबंदातही ३८,२०० च आहे आणि वर्षभरात त्या खात्यावर नोंदच नाही. रोख शिल्लक कीर्दीशी जुळते आणि मोजलेल्या रोकडीशीही जुळते. भाडे महिन्याला ३,००० प्रमाणे बारा महिन्यांचं ३६,००० च होतं. तिन्ही बरोबर.

इथे अनेकांना वाटतं की नऊचा नियम फसला. तो फसलेला नाही. खतावणीतली शिल्लक तेरजेत उतरवताना चूक झाली नाही, एवढंच आतापर्यंत सिद्ध झालं. चूक एक पायरी मागे असेल, म्हणजे नोंद खात्यावर चढवताना झाली असेल, तर उलटे पडलेले अंक त्या नोंदीत असतील. शिलकेत ते दिसणार नाहीत. शिल्लक ही बेरीज-वजाबाकीतून आलेली असते, तिच्या रकमेत ५,४०० चा फरक पडतो पण अंकांची जोडी तशी राहत नाही.

म्हणून तीच चाळणी आता खात्यांमधल्या नोंदींना लावायची: खात्यांच्या नावे बाजूच्या प्रत्येक नोंदीत ६०, ७१, ८२, ९३ आणि जमा बाजूच्या प्रत्येक नोंदीत ०६, १७, २८, ३९. इथे बाजू म्हणजे नोंदीची बाजू. खात्याची शिल्लक कोणत्या बाजूची आहे याचा इथे संबंध नाही. पुरवठादाराची शिल्लक जमेची असते, पण त्याला पैसे दिले की त्याच्या खात्यावर नोंद नावे पडते. ती नोंद मोठी झाली की जमेची शिल्लक कमी होते आणि तेरजेत जमा बाजू लहान पडते.

पुरवठादार क चं खातं असं आहे. जमेला मागची बाकी १९,२५० आणि मालाच्या दोन खरेद्या, ८,४०० आणि १६,६००, मिळून ४४,२५०. नावे बाजूला धनादेशाने दिलेले १८,२००. शिल्लक २६,०५०. जमेच्या तिन्ही नोंदींत हवी ती जोडी नाही. नावेच्या १८,२०० मध्ये हजार-शतकाच्या जागी ८२ आहे. मूळ नोंद काढून बघितली तर रोख पुस्तकाच्या बँक स्तंभात १२,८०० आहेत. धनादेश १२,८०० चा, बँक खात्यातून वजाही तेवढेच, फक्त पुरवठादाराच्या खात्यावर चढवताना २ आणि ८ ची जागा बदलली. खरी शिल्लक ४४,२५० वजा १२,८०० म्हणजे ३१,४५०. ती धरली की जमेची बेरीज ६,९६,२७० होते आणि तेरीज जुळते.

या खात्याच्या चुकीच्या शिलकेत, २६,०५० मध्ये, हजार-शतकाच्या जागी ६० आहे. दिशेचा विचार न करता कुणी ते पकडलं असतं तर खरी रक्कम २०,६५० असावी असा निष्कर्ष निघाला असता. खातं योग्य सापडलं असतं, पण कारण चुकीचं. तशी दुरुस्ती केली तर फरक ५,४०० चा १०,८०० होतो. संशयित रक्कम सापडल्यावर ती उलटी करून फरक मिटतो की वाढतो हे बघणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ कागद काढून बघणं, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय काहीही खोडू नये.

क्रम असा ठेवावा: तेरीज ते खतावणीची शिल्लक, मग खात्याच्या पानाची बेरीज आणि पुढच्या पानावर नेलेली रक्कम, मग खात्यावरच्या नोंदी. पान उलटताना तळाची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहिली जाते, तिथे अंक उलटे पडण्याची शक्यता बरीच असते. मागच्या महिन्याची तेरीज जुळली असेल तर त्याआधीच्या नोंदी बघायचं कारण उरत नाही, त्या तारखेनंतरच्याच चाळायच्या.

कानाची चूक की डोळ्याची

मराठीत रक्कम मोठ्याने वाचून दुसऱ्याने लिहिण्याची पद्धत असेल, तर भागाकारातली शून्यं आणखी एक गोष्ट सुचवतात. आपल्या भाषेत अठ्ठावीस म्हणताना आठ आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. ब्याऐंशी म्हणताना दोन आधी येतो. हात घाईत ऐकलेल्या क्रमाने लिहितो आणि २८ चे ८२ होतात. पण असं घडतं ते एका शब्दात बोलल्या जाणाऱ्या जोडीतच: एकक-दशक, किंवा अठ्ठावीस हजार मधली हजार-दहा हजारांची जोडी, किंवा लाख-दहा लाखांची. म्हणजे भागाकारात शून्यं नसतील, तीन असतील किंवा पाच असतील, तर ऐकून लिहिलेल्या नोंदी आधी बघाव्यात.

वरच्या उदाहरणात शून्यं दोन होती. बारा हजार आठशे हे ऐकताना दोन आणि आठ दोन वेगळ्या शब्दांत येतात, ऐकण्यातून त्यांची अदलाबदल सहसा होत नाही. ही बघून उतरवताना झालेली, डोळ्याची चूक. शून्यं एक किंवा दोन असतील तर एका पुस्तकातून दुसऱ्यात बघून उतरवलेल्या नोंदींवर आधी हात टाकावा. हा काही पक्का नियम नाही, सुरुवात कुठून करायची याचा अंदाज आहे.

पडताळणी करताना दुसऱ्याला रक्कम वाचून दाखवायची असेल तर याच कारणासाठी अंक सुटे वाचावेत: एक, दोन, आठ, शून्य, शून्य. बारा हजार आठशे असं वाचलं की ऐकणारा समोरच्या १८,२०० वरही बरोबरची खूण करून मोकळा होऊ शकतो, कारण अंक तेच आहेत.

भागाकारात एकापेक्षा जास्त अंक आले तर

शेवटची शून्यं सोडून भागाकारात दोन किंवा अधिक वेगळे अंक उरले, तर शेजारच्या दोन अंकांची साधी अदलाबदल नाही. तेव्हा आधी रक्कम एक स्थान सरकली असावी असं धरायचं. ३४७ च्या जागी ३,४७० लिहिलं तर फरक ३,१२३ येतो, आणि त्याला नऊने भागलं की ३४७ च मिळतात. अशा वेळी भागाकार हीच शोधायची रक्कम असते. नावे बाजू जास्त असेल तर नावेला ३,४७० शोधा, जमेला ३४७ शोधा. थेट रक्कमच हाती असल्यामुळे शोध फार लवकर संपतो.

मधलं शून्य सुटणं किंवा जादा पडणं हाही याच कुळातला प्रकार आहे. १,२३६ च्या जागी १२,०३६ लिहिलं तर फरक १०,८००, भागाकार १,२००. यातले १२ म्हणजे रकमेचा पुढचा भाग, आणि दोन शून्यं म्हणजे त्या भागानंतर उरलेले दोन अंक. ते अंक कोणते हे भागाकार सांगत नाही. म्हणून फक्त १,२०० किंवा १२,००० शोधून थांबू नका, बारापासून सुरू होणारी आणि त्यानंतर दोनच अंक असलेली, किंवा बारानंतर शून्य आणि मग दोन अंक असलेली प्रत्येक रक्कम बघा.

भागाकारात एकच अंक दोनदा आला, जसे २२, तर तीन शक्यता असतात. फरक १९८ असेल तर ४७२ चे २७४ झाले असतील, म्हणजे एक अंक मध्ये ठेवून दोन्ही टोकांची अदलाबदल. किंवा २२ चे २२० झाले असतील. किंवा २ चे २०० झाले असतील, म्हणजे दोन स्थानं सरकली. हा शेवटचा प्रकार दशांश चिन्ह टाकायचं विसरलं की होतो, आणि संगणकावर रक्कम भरताना तो हमखास भेटतो. १२८.७५ च्या जागी १२,८७५ पडलं तर फरक १२,७४६.२५. रकमांना दशांशानंतर दोन अंक असतील तेव्हा आधी चिन्ह काढून टाका: १२,७४,६२५. याला ९९ ने भागलं की १२,८७५ येतात. नऊने भाग जाणाऱ्या प्रत्येक फरकाला ९९ नेही भागून बघण्याची सवय त्यासाठीच ठेवावी. चिन्ह न काढता भागत बसलं तर शून्यं मोजताना स्थान चुकतं.

तीन अंकांची फिरवाफिरव मात्र सहज ओळखू येत नाही. ४२७ चे ७४२ झाले तर फरक ३१५ आणि भागाकार ३५, तो ३५ चे ३५० झाल्यासारखा दिसतो. सरकलेली रक्कम सापडली नाही तर हा प्रकार मनात आणावा. पण तो क्वचित घडतो.

नऊने भाग जाऊनही अदलाबदल नसते तेव्हा

कोणताही फरक निव्वळ योगायोगाने नऊने भागला जाण्याची शक्यता साधारण नऊत एक आहे. ती लहान नाही. त्यामुळे तिन्ही पायऱ्यांवर चाळणी लावूनही काही सापडलं नाही, तर त्याच नोंदी पुन्हा पुन्हा घासत बसू नये.

दुसरी शक्यता दोन चुकांची. दोन्ही अदलाबदलीच्या असतील तर त्यांची बेरीजही नऊने भागली जाते. एकीचे २७० आणि दुसरीचे ६३ मिळून ३३३ होतात, भागाकार ३७ येतो. ३७ किंवा ३७० ची रक्कम पुस्तकांत कुठेच नसेल तर दोन चुका असाव्यात असा संशय घ्या. अशा वेळी एकूण फरकावर डोकं चालवण्यापेक्षा तो तोडणं बरं. येणेकऱ्यांची आणि देणेकऱ्यांची वेगळी खतावणी असेल आणि त्यांची एकूण खाती मुख्य खतावणीत असतील, तर प्रत्येक गटाची जुळणी वेगळी करा. प्रत्येक गटाचा स्वतःचा फरक मिळतो, आणि त्या फरकांचे भागाकार पुन्हा एकअंकी होण्याची शक्यता वाढते.

बेरजांचे अंक मिळवून नवाची बाकी जुळवण्याची जी जुनी पडताळणी आहे, ती या कामाला चालत नाही. १२,८०० आणि १८,२०० या दोन्हींच्या अंकांची बेरीज ११ च. अंकांचा क्रम बदलला तरी नवाची बाकी बदलत नाही, म्हणून ही पडताळणी नेमक्या याच चुकीला आंधळी असते.

आणि मूळ पावतीवरून पहिल्यांदा नोंद करतानाच अंक उलटले असतील, तर चुकीची रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच जाते. तेरीज जुळते आणि चूक आतच राहते. तिला नऊचा नियम पकडू शकत नाही. ती बँकेच्या किंवा समोरच्या पक्षाच्या उताऱ्याशी ताळा घेतानाच उघडी पडते.

हिशेब संगणकावर असेल तर

हिशेबाची प्रणाली नोंद दोन्ही बाजूंना स्वतःच चढवते, त्यामुळे चढवतानाची अदलाबदल तिथे होत नाही. फरक दिसलाच तर सर्वात आधी सुरुवातीच्या शिलका बघाव्यात, कारण त्या एकेक करून हाताने भरलेल्या असतात. दुसरी जागा म्हणजे तक्त्यात हाताने मांडलेली तेरीज.

रकमा तक्त्यात असतील तर डोळ्यांनी चाळायची गरज नाही. रक्कम B स्तंभात आहे असं धरून, हजार आणि शतकाचे अंक C मध्ये वेगळे काढा:

```
=MOD(INT(B2/100),100)
```

आणि D मध्ये त्या दोन अंकांतलं अंतर:

```
=INT(C2/10)-MOD(C2,10)
```

वरच्या उदाहरणात नावेच्या नोंदींत D मध्ये 6 आलेल्या ओळी आणि जमेच्या नोंदींत -6 आलेल्या ओळी गाळून घ्यायच्या. १८,२०० ला C मध्ये 82 येतं आणि D मध्ये 6. स्थान बदललं की पहिल्या सूत्रातला 100 बदलायचा: एकक-दशकासाठी 1, दशक-शतकासाठी 10. रकमेला दशांश असतील तर B2 च्या जागी ROUND(B2*100,0) घ्यावं आणि शून्यं चिन्ह काढलेल्या फरकावरून मोजावीत. जमेच्या रकमा उणे चिन्हाने ठेवल्या असतील तर सूत्र लावण्याआधी चिन्ह काढून टाका, नाहीतर MOD चुकीचे अंक दाखवेल.

सापडल्यावर

तेरीज अजून बंद केलेली नसेल तर खात्यावरची चुकीची रक्कम एका रेघेने खोडून, ती वाचता येईल अशी ठेवून, वर योग्य रक्कम लिहा आणि सही-तारीख टाका. अंकावर अंक गिरवू नका. ८ वर २ गिरवला की पुढच्या माणसाला पुन्हा तोच संशय येतो. मग खात्याची शिल्लक नव्याने काढून तेरजेत बदला आणि दोन्ही बाजूंची बेरीज परत करा.

मुदतीमुळे फरक आधीच निलंबित खात्यात टाकला असेल तर रेघ मारून भागत नाही, दुरुस्तीची नोंद करावी लागते. वरच्या उदाहरणात जमा बाजू कमी होती, म्हणून निलंबित खात्यात ५,४०० जमा झाले असतील. चूक सापडल्यावर निलंबित खाते नावे ५,४००, पुरवठादार क चे खाते जमा ५,४००. तपशिलात धनादेशाची तारीख आणि १२,८०० च्या जागी १८,२०० चढवले गेले एवढं लिहा. या नोंदीनंतर निलंबित खात्यावर काहीही शिल्लक राहिली, तर फरकात आणखी एक चूक दडलेली आहे, आणि उरलेल्या रकमेला पुन्हा पहिल्यापासून तीच चाळणी लावायची.